अनुभव धागा: काउंटरवर मोबाईलमधला बारकोड दाखवून पैसे देताना तुमचं काय झालं?

उंबरठा: आज रांगेत माझ्या पुढच्या काकूंना कॅशियर म्हणाला "परत दाखवा जरा" आणि माझ्या पोटात गोळाच आला. माझ्याबाबतीत हेच झालेलं. दुकानाच्या ॲपमधला कोड दाखवला, स्कॅनर टुंग वाजला, आणि त्याची स्क्रीन नुसती गोल गोल फिरत बसली. मोबाईल गप्प. तो म्हणाला नेट गेलं वाटतं, बिल रद्द करून परत बनवतो. तोवर माझा कोड आपोआप बदललेला, तो स्कॅन केला, पावती आली, मी खूश. बाहेर येऊन बघते तर तेवढीच रक्कम दोनदा कट! आत गेले तर त्याच्याकडे एकच विक्री दिसतेय, मीच खोटी. चार दिवसांनी परत आले पैसे, पण तोवर रोज भांडण. तुमचेही अनुभव लिहा.

पाटावरवंटा: अगं मी तर दुकानातला चिकटवलेला कोड स्कॅन करते, रक्कम टाकते, संपलं. एकदा शून्य जास्त पडलं होतं 😭

उंबरठा: ते उलटं झालं गं, इथे तो आपला कोड स्कॅन करतो, रक्कम त्याच्या मशीनवरून जाते.

कोपऱ्यातला: म्हणूनच मी नाही वापरत. त्या रेघांमध्ये आपला खाते नंबर, शिल्लक सगळं असतं, कोणी मागून फोटो काढला की गेलं सगळं.

रात्रपाळी: बिलिंग मशीनच्या सपोर्टला बरीच वर्षं काढलीत म्हणून लिहितो. रेघांत खातं नसतं, रक्कमही नसते, एक तात्पुरता नंबर असतो फक्त. स्कॅनर म्हणजे खरंतर कीबोर्डच, वाचलेले आकडे मशीनमध्ये टाइप करतो. मशीन तो नंबर, रक्कम आणि बिल नंबर सर्व्हरला पाठवतं, हा नंबर कोणाचा ते सर्व्हरलाच माहीत. एकदा वापरला की मेला, नाही वापरला तर बहुतेक ॲपमध्ये मिनिटभरात मरतो. पण फोटोची भीती अगदीच खोटी नाही हां, त्या मिनिटात दुसऱ्याने दाखवला तर चालू शकतो. म्हणून रांगेत आधीपासून उघडून धरू नका.

उंबरठा, तुमचं काय झालं सांगतो. पहिल्यांदा पैसे कापले गेले होते, फक्त "झालं" हे उत्तर परत येताना हरवलं. तोच कोड पुन्हा दाखवला असता तर सर्व्हरने हाकलला असता. नवा कोड, पण बिल नंबर तोच असता तरी बऱ्याच ठिकाणी पकडलं जातं. तुमच्याकडे कोडही नवा, बिलही नवं, सर्व्हरला वाटलं बाईंनी दोनदा खरेदी केली. ॲपच्या हिस्ट्रीत दोन वेगळे बिल नंबर दिसतील आणि पावतीवर त्यातला एकच. तो दुसरा, बिनपावतीचा नंबर दाखवायचा, भांडण तिथेच मिटतं.

उंबरठा: आत्ता बघितलं जुन्या हिस्ट्रीत, खरंच दोन वेगळे आहेत!! हे तेव्हा कोणी सांगायला हवं होतं. मग त्याने करायला काय हवं होतं?

रात्रपाळी: रद्द करण्याआधी आधीच्या व्यवहाराची स्थिती तपासायची, बहुतेक मशीनमध्ये सोय असते, रांग लांब असली की कोणी दाबत नाही. आपण मेसेजची वाट न बघता हिस्ट्री उघडायची, मेसेज उशिरा येतो.

डबलचष्मा: माझा कोड तर वाचतच नाही कुठे, मुलगा म्हणतो ब्राइटनेस वाढवा. वाढवून वाढवून बॅटरी संपली.

रात्रपाळी: स्कॅनरमधून एकच बारीक लाल रेघ पडते का? मग तो जुना लेझरवाला असणार, कागदावरचं वाचतो, मोबाईलच्या काचेवर अडखळतो. ब्राइटनेसने फरक पडत नाही. कॅमेरावाला स्कॅनर लागतो. आणि डार्क मोडमध्ये काळ्यावर पांढऱ्या रेघा येत असतील तर तेही बघा, उलट्या रंगाचा कोड बरेच स्कॅनर घेत नाहीत.

डबलचष्मा: रेघच पडते! म्हणजे मी नाही वाईट, तो स्कॅनर म्हातारा. मुलाला वाचून दाखवते.

खिडकीतला कावळा: तळघरातल्या दुकानात नेट नव्हतं तरी माझा कोड चालला, कसा काय?

पाटावरवंटा: माझं तर कोडच उघडत नाही नेटशिवाय

रात्रपाळी: ॲपवर आहे. काही ॲप नंबर सर्व्हरकडून मागतात, काही फोनमध्ये साठवलेली किल्ली आणि घड्याळ यावरून स्वतःच बनवतात. नेट दुकानाच्या मशीनला लागतंच. फक्त फोनचं घड्याळ चुकलेलं असेल तर दुसऱ्या प्रकारचा कोड नाकारला जाऊ शकतो.

कोपऱ्यातला: थांबा. उशीर होऊ नये म्हणून मी फोनचं घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवतो. आमच्या हिला माझ्या फोनवरून कधीच जमलं नाही ते यामुळे का 😐

उंबरठा: तुम्ही वापरत नव्हतात ना 😂