बोक्याचा झोपेतला श्वास जलद वाटतोय, काय करावं?

कातरवेळ_७: आमचा गबरू साडेचार वर्षांचा. आई पर्शियन, बाप गल्लीतला. खाणं-पिणं, शी-शू सगळं ठीक. पण आठवडाभर बघतेय, सोफ्यावर नुसता लोळत असला तरी पोट भराभर वर-खाली होतं. काल मोजलं तर मिनिटाला ४४. पूर्वी फ्रिजवर चढून बसायचा, आता खुर्चीच्या वर जात नाही. वजन वाढलं म्हणून असेल असं मी धरून चालले होते. परवा लसीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून 'हृदय छान आहे' म्हटलं. मग हे कशाने? पुण्यात मांजराचं हृदय बघणारं कुणी माहीत आहे का?

नाना_वाईकर: आमच्या टॉमीला हृदयाचा त्रास होता, रात्रभर ढास लागायची. तुमचा खोकत नाही ना? मग हृदय नाही. उकाडा आहे, पंख्याखाली ठेवा.

दवबिंदू: नाना, टॉमीचा नियम इथे चालत नाही. हृदय बिघडलेलं मांजर सहसा खोकत नाही. मांजर खोकत असेल तर आम्ही आधी दम्याचा विचार करतो. (मी व्हेट आहे, नाशिकला.)

कातरवेळ, ४४ कधी मोजले? जागा होता का, गुरगुरत होता का? तसं असेल तर तो आकडा सोडून द्या. गाढ झोपला की मोजा. छाती वर जाऊन खाली आली की एक श्वास. ३० सेकंद मोजून दुप्पट करा. मिशा थरथरत असतील, पाय झटकत असेल तर स्वप्न चालू आहे, ते संपू द्या. निरोगी मांजराचा आकडा झोपेत ३० च्या आत राहतो. एकदा जास्त आला तर तासाभराने पुन्हा मोजा, पण सतत वर राहिला तर त्याच दिवशी दवाखाना. तोंड उघडून धापा टाकायला लागला तर मोजत बसू नका, निघा.

कातरवेळ_७: तेव्हा जागाच होता, गुरगुरतही असेल. आज झोपेत तीनदा मोजलं. ३६, ४०, ३८.

माऊची_आई: टॉरिन कमी पडलं असेल! घरचं चिकन-भात देत असाल तर हमखास हृदय जातं. थेंब मिळतात, सुरू करा.

दवबिंदू: टॉरिनचं खरं आहे, पण तो आजार वेगळा. त्यात हृदय फुगून पातळ पडतं, आणि तयार खाण्यात टॉरिन पुरेसं घालायला लागल्यापासून तो कमी दिसतो. इथे मला उलटी शंका आहे, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथीची. डाव्या कप्प्याची भिंत जाड होते, तिला नीट सैल होता येत नाही, रक्त मागे तुंबतं आणि फुप्फुसात किंवा त्याभोवती पाणी साचतं. श्वास वाढतो तो त्या पाण्यामुळे. भिंत जाड असूनही स्टेथोस्कोपमध्ये काहीच ऐकू न येणं नेहमीचं आहे. उलट धडधाकट मांजरातही कधी मर्मर ऐकू येते. म्हणून तुमच्या डॉक्टरांचं चुकलं असं नाही, त्या तपासणीची धावच तेवढी. इको करा, पण त्याआधी आजच कुठल्याही जवळच्या व्हेटकडे न्या. सलाईन लावायची वेळ आली तर हृदयाची शंका आहे हे आधी सांगा, पाणी वाढायला तेवढं कारण पुरतं.

कातरवेळ_७: कालच नेलं. एक्स-रेत फुप्फुसात पाणी. आधी ऑक्सिजन आणि फ्युरोसेमाइडचं इंजेक्शन, श्वास उतरल्यावर आज इको. भिंत ७.२ मिलिमीटर (६ च्या वर जाड धरतात म्हणे) आणि डावा वरचा कप्पा मोठा झालाय. रक्तदाब नॉर्मल. आता फ्युरोसेमाइड दोनदा, आणि माणसांच्या ७५ च्या क्लोपिडोग्रेलचा पाव तुकडा रोज. तो कडू आहे, पहिल्या दिवशी गबरूच्या तोंडाला एवढा फेस आला की मीच रडले.

बोकोबा: रिकाम्या कॅप्सूलमध्ये भरा, वर थोडं लोणी. आमच्या राणीची गोळी सुरू नव्हती. पहाटे किंचाळली, मागचे दोन्ही पाय लुळे आणि थंडगार. गुठळी अडकली होती. वाचली नाही. पाव तुकडा चुकवू नका.

माऊची_आई: पण गोळ्यांनी भिंत पातळ होते का?

दवबिंदू: नाही. पाणी आवरायचं आणि गुठळीचा धोका कमी करायचा, एवढंच. फ्युरोसेमाइड चालू आहे, तर मूत्रपिंडासाठी रक्त तपासत राहायला लागेल. किती दिवस मिळतील ते इकोवरून सांगता येत नाही. काही महिन्यांत जातात, काही वर्षं काढतात.

नाना_वाईकर: पंख्याचं मागे घेतो.

कातरवेळ_७: काल रात्री २६, पहाटे २४. कॅलेंडरवर लिहितेय. त्याच वेतातली बहीण माझ्या भावाकडे नागपूरला आहे, पुढच्या आठवड्यात तिचं नसबंदीचं ऑपरेशन ठरलंय. ती अगदी ठणठणीत आहे. तरी आधी इको करून घ्यावा का? भाऊ म्हणतो, उगाच खर्च.

दवबिंदू: मी असते तर ऑपरेशन पुढे ढकलून इको करून घेतला असता, भूल द्यायची आहे म्हणून. पण आज नॉर्मल आला तरी पुढे होणार नाही असं नाही, तेव्हा भावालाही झोपेतला श्वास मोजायला शिकवा.

बोकोबा: नागपूरला इको कुठे होतो ते कुणाला माहीत असेल तर लिहा.