मेलच्या पहिल्याच ओळीत मागणी : नेमकेपणा की उद्धटपणा?

पाऊलवाट
सहकारी म्हणतात, जे हवंय ते पहिल्या ओळीत लिही. मला ते अंगावर गेल्यासारखं वाटतं. खालचा मेल मी वरिष्ठांना पाठवला. उत्तर आलं, "प्रगती समजली. धन्यवाद." मुदतीबद्दल अक्षर नाही. क्रम बदलायला हवा होता का?

"आदरणीय सर, नमस्कार. आपल्या मार्गदर्शनाखाली सर्वेक्षणाचे काम समाधानकारक सुरू आहे. सहा केंद्रांपैकी चार केंद्रांची माहिती आली असून तिची तपासणीही झाली आहे. तथापि उरलेल्या दोन केंद्रांवर अर्ज उशिरा पोहोचल्याने तेथील काम मागे पडले. त्यांची माहिती 16 तारखेपर्यंत मिळेल, असे त्यांनी कळवले आहे. अपुऱ्या माहितीवर अहवाल सादर करणे योग्य होणार नाही, असे वाटते. तरी 14 तारखेची मुदत 21 तारखेपर्यंत वाढवून मिळावी, ही विनंती."

रेघोटी
हो, बदलायला हवा होता. पुरावा त्या उत्तरातच आहे. वरिष्ठांनी तुमच्या पहिल्या तीन वाक्यांना उत्तर दिलंय. "काम समाधानकारक", "तपासणी झाली" हे वाचून त्यांनी तो प्रगतीचा मेल समजला आणि शेवटापर्यंत लक्ष देऊन वाचलंच नाही. फोनवर मेलच्या यादीत विषयाखाली जो तुकडा दिसतो, त्यातही "आदरणीय सर, नमस्कार. आपल्या मार्गदर्शनाखाली" एवढंच दिसलं असणार.

मसुद्यात "तरी" कुठे आहे ते शोधा. आपल्या पत्रांत खरी मागणी बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. तेवढं वाक्य उचलून नमस्कारानंतर ठेवा आणि "तरी" खोडा, कारण आता त्याच्या आधी काही उरलेलं नाही.

जुनं टपाल
मला हे पटत नाही. कारण कळायच्या आधी मागणी वाचली की माणूस मनात "नाही" म्हणून मोकळा होतो आणि मग पुढची कारणं त्या नकाराच्या चष्म्यातून वाचतो. आधी परिस्थिती सांगितली की मागणीपर्यंत येताना त्याला स्वतःलाच वाटू लागतं, हो, मुदत द्यायला हवी. आपली पत्रं हळूहळू चढत जातात ती यासाठी. मुख्य मुद्दा आधी लिहा, हा अमेरिकी सैन्याच्या पत्रव्यवहाराचा नियम आहे. तिथे हुकूम चालतो. आपण विनंती करतोय.

रेघोटी
आपल्याकडच्या अर्जातही "महोदय"च्या वर "विषय : मुदतवाढ मिळण्याबाबत" असतंच की. अर्ज हातात घेणाऱ्याला काय मागितलंय ते आधी कळतं आणि मग तो सावकाश पार्श्वभूमी वाचतो. मेल लिहिताना आपण ती संथ पार्श्वभूमी ठेवली आणि वरची ओळ गमावली.

चौकट
मग विषयाच्या ओळीतच "मुदतवाढीची विनंती" लिहा आणि खाली हवं तसं लिहा. वाद मिटला.

रेघोटी
नवा मेल असेल तर निम्मं काम होतं. पण असे मेल बहुधा जुन्या मेलला उत्तर म्हणून जातात आणि विषयात "सर्वेक्षणाची पहिली बैठक" असं दोन महिन्यांपूर्वीचं काहीतरी असतं. तो बदलला तर काही मेलसेवांमध्ये संभाषणाची साखळी तुटते. शिवाय "मुदतवाढ" म्हणजे किती दिवस आणि उत्तर कधीपर्यंत हवं, हे त्या ओळीत मावत नाही.

ओलीसुकी
माझं वेगळंच आहे. मला माझ्या जुन्या बाईंकडून शिफारसपत्र हवंय. बरीच वर्षं संपर्क नाही. पहिल्याच ओळीत "शिफारसपत्र द्यावे" लिहिलं तर त्या म्हणतील, कामापुरती आठवण आली! इथेही तुमचा नियम लावायचा?

जुनं टपाल
बघा, हेच म्हणतोय मी.

रेघोटी
ओलीसुकी, तुमच्या बाबतीत आधी तुम्ही कोण ते सांगावं लागेल, कारण बाईंना त्याशिवाय मागणी कळणारच नाही. "मी अमुक साली तुमच्या वर्गात होते, तुमच्या मार्गदर्शनाखाली अमुक प्रकल्प केला होता." त्यानंतर लगेच मागणी आणि पत्र कधीपर्यंत हवं ती तारीख. ख्यालीखुशाली त्याच्या खाली, हवी तेवढी लिहा. पाऊलवाट यांच्या वरिष्ठांना मात्र अहवालही ठाऊक आहे आणि मुदतही, त्यामुळे तिथे आधी समजावण्यासारखं काही नाही.

आता मूळ मसुद्याकडे. वाक्य नुसतं वर नेऊन भागत नाही, कारण मग अनेकजण असं लिहितात :

"दोन केंद्रांची माहिती 16 तारखेपर्यंत मिळणार असल्याने व अपुऱ्या माहितीवर अहवाल सादर करणे योग्य नसल्याने 14 तारखेची मुदत 21 तारखेपर्यंत वाढवून मिळावी, ही विनंती."

मागणी पहिल्या वाक्यात आली, तरी वाचणाऱ्याला ती शेवटीच भेटली. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे "असल्याने", "झाल्यामुळे" यांची रांग लागली की वाक्याच्या आत पुन्हा तोच चढ तयार होतो. म्हणून पहिल्या वाक्यात कारण नको. मी असं लिहीन :

"सर, नमस्कार. सर्वेक्षण अहवालाची मुदत 14 ऐवजी 21 तारीख करावी, ही विनंती. सहापैकी दोन केंद्रांची माहिती 16 तारखेला येणार आहे. त्यानंतर तपासणी आणि लेखनाला पाच दिवस लागतील. मुदत वाढवणे शक्य नसेल, तर चार केंद्रांवर आधारलेला अहवाल 14 तारखेला देता येईल. यांपैकी काय करावे, ते कृपया 11 तारखेपर्यंत कळवावे. चार केंद्रांच्या माहितीची तपासणी पूर्ण झाली आहे."

मूळ मसुद्यात एक भोक होतं, ते इथे बुजलंय. माहिती 16 ला येणार, मग मुदत 21 ची कशाला? ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. मागणी वर आली की प्रत्येक कारणाला "मग 21च का?" या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. मागणी शेवटी असली की घडलेलं सगळं क्रमाने सांगितलं जातं आणि नेमकं हेच निसटतं.

चौकट
11 तारीख कुठून आली?

रेघोटी
मी धरून चाललोय, की चार केंद्रांचा अहवाल लिहायला दोन-तीन दिवस लागतील. खरा आकडा पाऊलवाट यांनी घालावा. पण तारीख हवीच, नाहीतर उत्तर 14 ला येईल आणि दुसरा पर्याय उरणारच नाही.

जुनं टपाल
पर्याय दिलात ते आवडलं. त्याने मागणीची धार कमी होते, हे कबूल. पण "करावी, ही विनंती" असं नमस्काराला चिकटून आलेलं मला अजूनही खटकतं. आणि समजा, ही मुदत आधीच एकदा वाढवून दिलेली असती, तर? तेव्हाही पहिल्या ओळीत दुसऱ्यांदा मागायचं?

रेघोटी
तेव्हा आधीच्या मुदतवाढीचा उल्लेख मागणीच्या आधी एका छोट्या वाक्यात यावा, असं मला वाटतं. "आपण 7 ऐवजी 14 तारीख दिली होती." तो खाली ठेवला तर लपवल्यासारखा दिसतो. मात्र जिथे नकार जवळपास नक्की आहे, तिथे मी मेलवर मागणारच नाही, आधी फोन करीन आणि ठरलेलं मेलवर लिहून ठेवीन.

जुनं टपाल
म्हणजे अवघड मागणीसाठी तुम्हीही आधी बोलून वाट तयार करता. आपल्यातला फरक मग एवढाच, की मी ती मेलमध्ये करतो.

पाऊलवाट
मी दुसरा मसुदा घेतेय, थोडा बदलून. नमस्कारानंतर "एका निर्णयासाठी लिहीत आहे" एवढंच टाकलं, मग मागणी. 11 च्या जागी 10 केली, कारण दोन केंद्रं वगळून तक्ते पुन्हा करायला मला चार दिवस लागतात. "आपल्या मार्गदर्शनाखाली" काढायला मन होईना, ते शेवटी ठेवलंय.

रेघोटी
"एका निर्णयासाठी लिहीत आहे" मी काढलं असतं. फोनवरच्या त्या तुकड्यातली जागा तेच खाईल.

जुनं टपाल
राहू द्या ते. त्याच ओळीने मला मागणी वाचायला तयार केलं.