मदत हवी आहे: ड्रिफ्टमधून σ²/2 दोनदा वजा होतोय का?

भाऊ लोकहो, जळगावहून विचारतोय. शेअरचा भाव टक्क्यांनी हलतो, म्हणजे गुणाकार होतो. लॉग घेतला की बेरीज, म्हणून लॉग नॉर्मल आणि भाव लॉगनॉर्मल. इथपर्यंत डोक्यात बसलं.

एका शेअरच्या रोजच्या लॉग परताव्यांची सरासरी वर्षाला 4% आली, व्होलॅटिलिटी 40%. 100 रुपयांपासून वर्षभराचं सिम्युलेशन असं केलं:

```
S = 100*exp((mu - sigma**2/2) + sigma*Z)
```

`mu` 0.04 टाकला तर मध्यक 96 येतो, सरासरी 104. शेअर लॉगमध्ये चढणारा, मग सिम्युलेशनमधल्या निम्म्याहून जास्त वाटा तोट्यात कशा? 100 चे 40% वाढून 140, पुन्हा 40% पडून 84, ही झीज लॉगच्या सरासरीत आधीच आलेली असणार ना? मग `mu` 0.12 टाकू? त्याने मध्यक 104, सरासरी जवळपास 113 येते.