प्रतिसाद: सवयीचा प्रश्न कसा विचारावा

«तुम्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक घेता का?» फार्मसीच्या विद्यार्थ्यांच्या सर्वेक्षणात याला जवळजवळ सगळेच ‘नाही’ म्हणतात, मग सवय कळणार कशी?

फार्मसीच्या मुलांना ‘बरोबर’ उत्तर पाठ असतं, म्हणून मत विचारू नका, घडलेला प्रसंग विचारा. आमच्या प्रश्नावलीत आम्ही तो प्रश्न असा बदलला: ‘गेल्या 6 महिन्यांत शेवटचं अँटिबायोटिक घेतलंत, ते कुठून आलं?’ पर्याय होते नवी चिठ्ठी, जुनी चिठ्ठी, घरात उरलेल्या गोळ्या, मित्राकडून, घेतलंच नाही. उरलेल्या गोळ्यांवर खूण करताना कुणाला कबुली दिल्यासारखं वाटत नाही.

ज्ञानाच्या प्रश्नांत ‘माहीत नाही’ हा पर्याय हवाच. ‘अँटिबायोटिक विषाणूंवर काम करतं’ याला फक्त चूक-बरोबर ठेवलं, तर काहीच माहीत नसलेल्या 100 जणांपैकी साधारण 50 जण अंदाजानेच पास होतात.