अकरावी गणित: ‘किमान दोन मुली’ म्हटलं की उत्तर बरोबर दुप्पट येतंय, भाचीला कसं समजावू?

जुळे सोलापूरची मावशी: भाची अकरावी सायन्सला आहे. गणित असं: नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या सहलीसाठी ५ मुली आणि ४ मुलांतून चौघांचा गट निवडायचा, त्यात किमान २ मुली हव्यात. ती आधी ५ मुलींतून २ निवडते, त्याचे १० प्रकार. मग उरलेल्या सातांतून कोणीही २, त्याचे २१. गुणाकार २१०. पुस्तकात उत्तर १०५ आहे. तिची चूक मला दिसते, पण नेमक्या शब्दांत सांगता येत नाही. काय सुचवाल?

दक्षिण कसबा: प्रत्येक गट दोनदा मोजला गेलाय. २ ने भागा, झालं.

सीईटीवाला दादा: नवी पेठेत जुनी पुस्तकं मिळतात, त्यातला सीईटीचा संच घ्या. २०० गणितं सोडवली की आपोआप बसतं.

निवृत्त गणित शिक्षक, होटगी रोड: २ ने भागू नका, इथे दुप्पट येणं हा योगायोग आहे. गट तिघांचा केला तर तिच्या रीतीने १० × ७ = ७० येतात आणि खरं उत्तर ५० आहे.

ताई, तिला गटांची नावं लिहायला सांगा. रेवा, मीरा, सई आणि अमित असा एकच गट घ्या. तिच्या रीतीत तो तीनदा येतो: आधी रेवा-मीरा आणि उरलेल्यांतून सई-अमित, आधी रेवा-सई, आधी मीरा-सई. चारही मुलींचा गट तर सहादा येतो. दोनच मुलींचा मात्र एकदाच. आता जुळवा: दोन मुलींचे गट ६०, तीनचे ४०, चारचे ५, मिळून १०५. तिने मोजले ६०, १२० आणि ३०. तेच तिचे २१०.

‘आधीच्या’ आणि ‘नंतरच्या’ असा फरक तिच्या रीतीत शिरला, गटात तो नाहीच. म्हणून मुलींच्या संख्येनुसार वेगळे भाग करून बेरीज करायची. पडताळा हवा असेल तर एकूण १२६ मधून मुलगी नसलेला १ आणि एकच मुलगी असलेले २० वजा करा.

दक्षिण कसबा: मग भागाकार चालतो कधी? ९ × ८ × ७ × ६ ला २४ ने भागूनच १२६ येतात ना?

निवृत्त गणित शिक्षक, होटगी रोड: बरोबर. तिथे चौघांना फोटोसाठी रांगेत उभं केलं की प्रत्येक गटाच्या २४ रांगा होतात, एकाही गटाची कमी-जास्त नाही. सगळे गट सारख्याच वेळा मोजले गेले असतील तरच भागता येतं.

बारावीतली: आमच्या परीक्षेत निवडलेल्या चौघांतून गटप्रमुख आणि उपप्रमुखही नेमायचे होते. मी १०५ × ६ केलं, गुण गेले.

निवृत्त गणित शिक्षक, होटगी रोड: रेवा प्रमुख, सई उप आणि याच्या उलट, या दोन वेगळ्या नेमणुका. म्हणून १०५ × १२, म्हणजे १२६०.

जुळे सोलापूरची मावशी: आताच नावं लिहून घेतली. तीनदा येणारा गट तिने स्वतः शोधला. पण ‘किमान’ दिसलं की भाग करायचे की एकूणातून वजा करायचे, यावर अडली आहे.

दक्षिण कसबा: वजाबाकी नेहमीच सोपी.

निवृत्त गणित शिक्षक, होटगी रोड: नेहमी नाही. इथे किमान ३ मुली असत्या तर भाग दोनच, आणि वजा करायचे तीन.