फ्रिजचे कप्पे: फोटोत सुरेख, आतली आमटी मात्र आंबलेली

जुळे सोलापूर, धागा सुरू करणारी
मंडळी, पारा ४३ च्या पुढे गेलाय. आपापल्या फ्रिजच्या कप्प्यांचे फोटो टाका आणि त्या रचनेत काय टिकतं, काय नासतं तेही लिहा. माझे दोन फोटो बघा. फ्रिज एकच, डबल डोअर, फ्रॉस्ट फ्री. पहिल्यात पातेली आणि डबे कसेही ठेवलेले. दुसऱ्यात कप्प्याच्या रुंदीचे, मागे भिंतीला टेकणारे पारदर्शक ट्रे आणि काचेवर अंथरलेल्या प्लास्टिकच्या मॅट. आता काय कुठे आहे ते दार उघडताच दिसतं, मागे पडलेली वाटी विसरली जात नाही. पण तेव्हापासून वरच्या कप्प्यात मागे ठेवलेलं दही गोठतं आणि खालच्या कप्प्यातली आमटी दुसऱ्या दिवशी आंबते. एकाच फ्रिजमध्ये दोन्ही कसं होतं?

अशोक चौक
ताई, नॉब पूर्ण फिरवा. आमचा सिंगल डोअर आहे, उन्हाळाभर पाचवर असतो, काही नासत नाही. आणि आमटी पूर्ण गार झाल्याशिवाय आत ठेवूच नका, आम्ही रात्रभर ओट्यावर ठेवतो.

विजापूर रोड, फ्रिज दुरुस्ती करतो
ताई, पहिला फोटो पसाऱ्याचा असला तरी हवेसाठी तोच बरा आहे. त्यात वरच्या कप्प्यामागे भिंतीतल्या फटी दिसतात. फ्रॉस्ट फ्रीमध्ये पंखा त्या फटींतून गार हवा सोडतो. ती डब्यांच्या मधून खाली येते आणि परत वर ओढली जाते. दुसऱ्या फोटोत ट्रेची मागची कड थेट फटीवर आहे. सगळी गार हवा दह्यावर आदळते आणि खाली पोचतच नाही. नॉब वाढवलात तर दही आणखी गोठेल, आमटीला फारसा फरक पडणार नाही.

दादांच्या फ्रिजचं वेगळं आहे. त्यात पंखा नसतो, गारवा वरच्या बर्फाच्या कप्प्यातून आपोआप खाली उतरतो. तिथे मागच्या फटीची काळजी नाही, पण कप्पे मॅटने झाकले तर तिथेही गारवा अडेल.

आमटीचं मात्र दादा, रात्रभर ओट्यावर नको. मे महिन्यात आपलं स्वयंपाकघरच रात्रीसुद्धा ३२ च्या वर असतं. तेवढ्या उकाड्यात आमटी गार होता होताच बिघडायला लागते. पसरट भांड्यात ओता, भांडं पाण्याच्या परातीत ठेवा आणि तासाभरात आत टाका. थोडी कोमट असली तरी चालेल, फक्त दुधाला किंवा दह्याला चिकटून ठेवू नका.

खरं काय ते फोटोत दिसणार नाही. पेल्यात पाणी घेऊन त्यात थर्मामीटर बुडवा, पेला खालच्या कप्प्यात मधोमध रात्रभर ठेवा. सकाळी ४ किंवा त्याखाली हवं.

टिळक चौक
माझी शेंगाचटणीची बरणी आणि कडक भाकऱ्यांचा डबा कोणत्या कप्प्यात शोभेल? फोटो टाकलाय, वरचा कप्पा त्यांनीच भरलाय.

विजापूर रोड
काकू, कोरडी चटणी आणि कडक भाकरी बाहेरच छान राहतात. बरणीत ओला चमचा जाऊ देऊ नका, एवढंच. त्या दोन्ही बाहेर काढल्यात तर वरचा कप्पा मोकळा होईल.

टिळक चौक
भाकरीचं पटलं. पण उन्हाळ्यात चटणीच्या तेलाला खवट वास येतो म्हणून आमच्या सासूबाईही ती आतच ठेवायच्या. बरणी राहू दे.

जुळे सोलापूर
पेल्याचं करून पाहिलं. दुसऱ्या फोटोच्या मांडणीत खाली ९ आणि वर मागच्या बाजूला १. मग मॅट काढल्या, ट्रे भिंतीपासून चार बोटं पुढे ओढले, दोन ट्रेंच्या मध्ये बोटभर जागा सोडली, दही पुढे आणलं. दुसऱ्या सकाळी खाली ५, वर ३. तिसरा फोटो जोडलाय. बुटके डबे पुढे आणि उंच मागे, पण फटीसमोर काहीच नाही, म्हणून अजूनही सगळं दिसतं. दुपारी मुलं पाण्यासाठी सारखं दार उघडतात तेव्हा खालचा आकडा ७ होतो. दूध दारातच आहे, ते हलवू का?

विजापूर रोड
दूध आत मधल्या कप्प्यात घ्या. दार सगळ्यात आधी तापतं, तिथे बाटल्या आणि लोणची ठीक. दुपारच्या ७ साठी दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि पट्टी ओढा. सहज निघाली तर रबर सैल आहे. फ्रिजच्या मागच्या भिंतीचाही एक फोटो द्या, तिथे हवेला जागा आहे का बघू.

होटगी रोड
मटण सगळ्यात खाली, खोल डब्यात ठेवतो, रस गळून भाजीवर जाऊ नये म्हणून. पण आमच्याकडे खालच्या कप्प्यातच गारवा कमी पडतो. मग मटण कुठे ठेवायचं?

अशोक चौक
त्याच दिवशी शिजवायचं नसेल तर सरळ फ्रीजरमध्ये. आणि पेल्याचं आज मीही करून बघतो.