मदत हवी आहे: सिकल सेलच्या मॉडेलमध्ये नेमका फरक दाखवायचा कुठं?

सहावा_मणी (कोल्हापूर)
बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या आठवड्यात कॉलेजमध्ये प्रदर्शन आहे आणि माझा विषय हिमोग्लोबिन. महाद्वार रोडवरून मणी आणले आणि बीटा साखळीचे १४६ मणी तारेत ओवले, ही प्रायमरी रचना. तार पेन्सिलीभोवती गुंडाळून हेलिक्स केले, ती सेकंडरी. मग सगळं दुमडून गोळा केला, ती टर्शरी. असे चार गोळे, दोन अल्फा आणि दोन बीटा, एकत्र बांधले की क्वाटर्नरी.

आता सिकलसाठी दुसरा सेट केला. सहावा मणी ग्लुटामिक आम्लाचा लाल होता, तो काढून व्हॅलीनचा पिवळा घातला. बाकी सगळं तसंच. दोन्ही मॉडेलं शेजारी ठेवली तर आईलासुद्धा फरक सांगता येईना. आमच्या नोट्समध्ये लिहिलंय, 'एक अमिनो आम्ल बदलल्याने पूर्ण घडी बिघडते.' मग मी दुसरा गोळा मुद्दाम वाकडा करू का?

जोतिबाचा_डोंगर
कर की वाकडा! व्हॅलीन पाण्यापासून लांब पळतंय, ग्लुटामिकवर ऋण भार असल्यानं ते पाण्यात रमतंय. त्यामुळं व्हॅलीन गोळ्याच्या आत घुसतंय आणि घडी मोडती. मग ऑक्सिजन धरता येत नाही. आम्हाला बारावीला असंच शिकवलंवतं.

लॅबकाकू
सहावा_मणी, वाकडा करू नकोस बाळ. तुझं मॉडेल बरोबर आहे, नोट्समधलं वाक्य चुकीचं आहे.

जोतिबा, व्हॅलीन पाणी टाळतं हे तुमचं खरं. पण सहावी जागा साखळीच्या टोकाजवळ, अगदी पृष्ठभागावर आहे. तिथून आत शिरायला वाव नाही. घडी जवळजवळ जशीच्या तशी राहते आणि सुटा रेणू ऑक्सिजनही नीट धरतो. बिघाड होतो तो ऑक्सिजन सोडल्यावर.

ऑक्सिजन सुटला की चार गोळे एकमेकांवर थोडे सरकतात आणि आकार बदलतो. तेव्हा बीटा साखळीवर ८५ नंबरचं फिनाइलअ‍ॅलनीन आणि ८८ नंबरचं ल्युसीन यांच्यापाशी एक छोटा खळगा तयार असतो. शेजारच्या रेणूचं व्हॅलीन त्यात चपखल बसतं. पाणी टाळणारं पाणी टाळणाऱ्याला चिकटतं. मग तिसरा रेणू येतो, चौथा येतो आणि दोर वळत जातो. लांब ताठ दोरांनी पेशी आतून ताणली जाते, तिची कोयती होते.

हा खळगा निरोगी हिमोग्लोबिनलाही असतो. पण तिथं अडकायला खुंटी नसते.

सहावा_मणी
म्हणजे वेल्क्रो लावू? पिवळ्या मण्यावर खरखरीत बाजू, ८५-८८ वर मऊ बाजू?

लॅबकाकू
उत्तम! निरोगी सेटलाही मऊ बाजू लाव, फक्त खरखरीत नको. मग पोरांना दोन्ही सेट स्वतः चिकटवून बघायला दे.

सातपुड्याकडचा
मी नंदुरबारचा, नोकरीला गोकुळ शिरगावला. विषय थोडा वेगळा आहे, माफ करा. तपासणीत माझ्या रक्ताची नळी गढूळ झाली, मागच्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनात. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या तपासणीत मात्र 'वाहक' आलं. खरं कुठलं?

लॅबकाकू
दादा, दोन्ही खरं. गढूळ नळी एवढंच सांगते की सिकल हिमोग्लोबिन आहे. त्या नळीत रसायनानं ऑक्सिजन काढून घेतात, म्हणून आत्ता सांगितलेला प्रकार घडतो आणि रेघा झाकल्या जातात. वाहक आणि रुग्ण हा फरक तिला कळत नाही, त्यासाठीच दुसरी तपासणी. वाहकाच्या पेशीत निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन निरोगी असतं, ते मध्ये येऊन दोर लांबू देत नाही. लग्न ठरवताना मात्र मुलीचीही तपासणी करून घ्या. दोघंही वाहक असाल, तर दर खेपेला मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक.

सातपुड्याकडचा
ठरलंय लग्न. तिला आजच सांगतो.

जोतिबाचा_डोंगर
काकू, पेशी तर प्रत्येक फेरीत ऑक्सिजन सोडती. मग रुग्णाच्या सगळ्याच पेशी दर फेरीला कोयत्या का होत नाहीत?

लॅबकाकू
चांगलं विचारलंत. दोर सुरू व्हायला थोडा वेळ लागतो आणि बऱ्याच पेशी त्याआधीच फुप्फुसात परततात. ऑक्सिजन मिळाला की खळग्याचा आकार बदलतो. पण अंगातलं पाणी कमी झालं की पेशीत हिमोग्लोबिनची दाटी होते आणि हा वेळ झपाट्यानं घटतो. म्हणून रुग्णाला भरपूर पाणी प्यायला सांगतात.

सहावा_मणी
वेल्क्रो लावलं. सिकलचे तीन रेणू ओळीत चिकटले, निरोगी गळून पडले! पण ऑक्सिजन आल्यावर खळगा बंद कसा दाखवू? मऊ पट्टीवर बाटलीचं झाकण बसवून बघितलं, ते सारखं निसटतंय. शिवाय माझी एकच ओळ होते. पुस्तकात १४ धाग्यांचा पीळ आहे.

लॅबकाकू
झाकणाऐवजी चिंध्यांची टोपी शिवून बघ. १४ धाग्यांच्या पिळाला माझ्याकडेही युक्ती नाही. कुणी सुतळीचं काम करणारं आहे का इथं?